शाळेच्या आवारातली गणितवाट

गणितवाटेचा पहिला थांबा ध्वजस्तंभाजवळ ठेवा. मुलांनी आधी उंचीचा अंदाज वहीत लिहायचा, मगच टेप हाती घ्यायची. समजा, एक मीटरची काठी उभी धरली आणि तिची सावली ८० सेंटिमीटर पडली. त्याच वेळी स्तंभाची सावली ४.८ मीटर भरली. सावली सहापट, म्हणून चबुतऱ्यासकट उंची ६ मीटर. सावली स्तंभाच्या बुंध्याऐवजी चबुतऱ्याच्या कडेपासून मोजली, किंवा दोन मोजण्यांत अर्धा तास गेला, तर उत्तर चुकते. दोन गटांची उत्तरे ताडून पाहिली की चूक लगेच दिसते.

पुढचा थांबा चौकोनी फरशांचा. मधल्या एका फरशीभोवती पहिल्या कड्यात ८ फरशा, दुसऱ्यात १६. दहाव्यात किती? अंगणात तेवढी कडी मावत नाहीत. तिथे मुलांना नियम शोधावाच लागतो.