सत्तावीस आकड्यांच्या हिशेबावर सुटणारं सुडोकू

सुडोकू सोडवणारा संगणक फारशी हुशारी वापरत नाही. रिकाम्या घरात चालेल असा पहिला अंक तो टाकतो आणि पुढच्या घराकडे जातो. अडलं की एक घर मागे येतो, तिथला अंक पुसतो आणि दुसरा टाकून पाहतो. यालाच बॅकट्रॅकिंग म्हणतात. खरी गंमत आहे ती 'चालेल असा अंक' शोधण्याच्या हिशेबात.

प्रत्येक घराला वीस शेजारी असतात: आडव्या ओळीतले आठ, उभ्या स्तंभातले आठ आणि तीन बाय तीनच्या चौकोनातले उरलेले चार. एकेक अंक टाकण्याआधी हे वीस शेजारी तपासत बसलं तर वेळ तिथेच जातो. म्हणून नऊ ओळी, नऊ स्तंभ आणि नऊ चौकोन यांच्यासाठी एकेक संख्या, अशा फक्त सत्तावीस संख्या जवळ ठेवायच्या. प्रत्येक संख्या म्हणजे नऊ बटणांचा स्विचबोर्ड. त्या ओळीत ५ आला की पाचवं बटण चालू. बटणांच्या किमती १, २, ४, ८ अशा दुप्पट होत २५६ पर्यंत जातात, आणि सगळी बटणं चालू असली की बेरीज ५११ होते. या संख्येला बिटमास्क म्हणतात.

एका कोड्याच्या वरच्या तीन ओळी पाहा. बिंदू म्हणजे रिकामं घर.

```
5 3 . | . 7 . | . . .
6 . . | 1 9 5 | . . .
. 9 8 | . . . | . 6 .
```

पहिल्या ओळीतलं तिसरं घर घेऊ. ओळीत ५, ३, ७ आहेत, म्हणून तिचा मास्क १६ + ४ + ६४ = ८४. तिसऱ्या स्तंभात फक्त ८ आहे (खालच्या ओळींत त्या स्तंभात काही नाही), म्हणजे १२८. चौकोनात ५, ३, ६, ९, ८, म्हणजे ४३६. तिन्ही बोर्ड एकावर एक ठेवले की कुठेही चालू असलेली बटणं मिळून ५०० होतात. ५११ मधून ५०० गेले, उरले ११, म्हणजे १ + २ + ८. या बटणांचे अंक १, २ आणि ४. एकाही शेजाऱ्याकडे न बघता तीन पर्याय हाती आले. कोडमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```
free = 511 & ~(row[r] | col[c] | box[b])
```

आता अडायचं कसं, ते पाहू. संगणक तिसऱ्या घरात १ टाकतो, चौथ्यात २, सहाव्यात ४, सातव्यात ८. आठव्या घराच्या स्तंभात खाली ६, ८, ७ असल्यामुळे तिथे ९ शिवाय काही बसत नाही. नवव्या घरासाठी ओळीत फक्त ६ उरतो. पण उजव्या चौकोनात ६ आधीच आहे, त्यामुळे `free` शून्य होतं. शून्य आलं की मागे फिरायचं. सातव्यात ९ टाकून पाहिला तर आठवं घरच अडतं. मग आणखी मागे जाऊन सहाव्या घरात ४ ऐवजी ६ टाकला की वाट मोकळी होते, निदान काही घरांपुरती. माणसाला हे आधीच दिसलं असतं, कारण पहिल्या ओळीतला ६ मधल्या चौकोनातच बसू शकतो. संगणकाला ते भिंतीवर आदळून कळतं, पण तो आदळतो फार वेगाने.

मागे येताना अंक पुसायचा म्हणजे तीन बटणं बंद करायची. अंक टाकताना आणि काढताना एकच सूचना चालते, कारण `^` हे चिन्ह बटण उलटवतं:

```
row[r] ^= bit; col[c] ^= bit; box[b] ^= bit
```

नेमकी इथेच सर्वाधिक चूक होते. काढताना तीनपैकी एक बटण विसरलं तर तो अंक त्या ओळीत किंवा चौकोनात कायमचा अडकून बसतो, आणि सुटणाऱ्या कोड्यालाही प्रोग्राम 'उत्तर नाही' म्हणतो. हे ओळखायला सोपं आहे. सगळे पर्याय संपून शोध सुरुवातीच्या घरापर्यंत परत आला की सत्तावीसही संख्या सुरुवातीला होत्या तशाच असायला हव्यात.

डावीकडून उजवीकडे क्रमाने जाण्याची एक मर्यादा आहे. पहिल्या ओळीत एकही अंक दिलेला नसेल आणि तिचं उत्तर ९८७६५४३२१ असेल, तर १ पासून सुरू करणारा प्रोग्राम खूप भटकतो. म्हणून दर वेळी सर्वांत कमी पर्याय असलेलं घर निवडावं. `free` मधली चालू बटणं मोजली की ते घर लगेच सापडतं. वरच्याच कोड्यात अगदी मध्यभागीच्या घराच्या ओळीत ४, ८, ३, १, स्तंभात ७, ९, ६, २, १, ८ आणि चौकोनात ६, ८, ३, २ आहेत. उरतो फक्त ५. तिथून सुरुवात केली तर पहिल्या पावलाला अंदाज लागतच नाही.

एक उत्तर सापडलं म्हणून मात्र थांबू नका. कोडं तुम्ही स्वतः रचलं असेल तर शोध पुढे चालू ठेवा. दुसरं उत्तर निघालं, तर दिलेले अंक अपुरे आहेत.