पहिली काळजी कशाची, आणि का?

52 वर्षांच्या एक बाई. जठरातल्या अल्सरला छिद्र पडलं, म्हणून तातडीनं पोट उघडून ते शिवलं. आज शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस. नाकातून रायल्स ट्यूब आहे, तोंडाने काहीही द्यायचं नाही. दुखणं किती, असं विचारलं तर दहापैकी सात सांगतात. खोकला येतो, पण पोट धरून तो दाबतात. श्वास उथळ, मिनिटाला 26. रक्तातला ऑक्सिजन 91 टक्के, नाडी 104, अंगात कसकस. फुप्फुसांच्या तळाशी हवेचा आवाज कमी ऐकू येतो. त्या अजून पलंगावरून उतरलेल्या नाहीत, रात्रभर झोप नाही, आणि येणाऱ्या प्रत्येक सिस्टरला विचारतात, "बिल किती होईल हो?"

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना असा प्रसंग देऊन केअर प्लॅन लिहायला सांगतात. डॉक्टरांचं निदान अल्सरचं असतं. परिचारिकेनं शोधायचं असतं ते त्या आजारामुळे या माणसाला आज काय अडचण आहे, ती कशामुळे आहे आणि ती असल्याचा पुरावा काय. मग त्या अडचणींचा क्रम लावायचा, प्रत्येकीसाठी उद्दिष्ट आणि कृती लिहायच्या, आणि प्रत्येक कृतीशेजारी तिचं कारण. या रकान्याला वर्गात सगळे 'रॅशनल' म्हणतात. मी 20 गुणांत तपासते: क्रमाला 8, कारणांना 8 आणि मोजता येईल अशा उद्दिष्टाला 4.

या प्रसंगात क्रम लावताना खरी ओढाताण दोन गोष्टींत आहे: वेदना आणि श्वास. बाई स्वतः तक्रार करतात ती वेदनेची. श्वासाबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत, ते आकडे सांगतात. पोटाच्या वरच्या भागात टाके असले की श्वासपटल खाली सरकताना कळ येते, म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. फुप्फुसांच्या तळातले हवेचे बारीक फुगे मग मिटू लागतात. तिथून जाणाऱ्या रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही, खोकला दाबल्यानं कफ तिथेच साचतो आणि पुढे न्यूमोनियाला वाट मिळते. 91 टक्के, 26 श्वास आणि तळाचा मंद आवाज हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. म्हणून पहिला क्रमांक श्वासाचा. वेदना हे त्या श्वासाचं कारण आहे, आणि हा धागा ज्या विद्यार्थिनीला दिसतो तिचा प्लॅन वाचताना लगेच कळतो.

तीन प्लॅन समोर ठेवून बोलू. पहिलीनं वेदना वर घेतली, श्वास दुसरा. कारण लिहिलं: दुखणं कमी झाल्याशिवाय बाई खोल श्वास घेणार नाहीत आणि खोकणार नाहीत, म्हणून आधी वेदनाशामक. दुसरीनं श्वास पहिला घेतला. कारण: "मास्लोच्या गरजांच्या उतरंडीनुसार शारीरिक गरजा आधी." कृती: ऑक्सिजन द्या, "कारण ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं", कोमट पाणी भरपूर पाजा, "कारण कफ पातळ होतो". तिसरीनं श्वास पहिला घेतला, अडचण 'वेदनेमुळे उथळ श्वास' अशी मांडली आणि पहिलीच कृती लिहिली ती डॉक्टरांनी लिहून दिलेलं वेदनाशामक वेळेवर देण्याची.

दुसरीचा क्रम अचूक आहे, पण तिची कारणं पोकळ आहेत. अब्राहम मास्लो या मानसशास्त्रज्ञानं 1943 साली मांडलेली उतरंड बिलाची काळजी मागे का, हे सांगू शकते; वेदना आणि श्वास दोन्ही शारीरिकच असल्यामुळे त्या दोघांत कोण आधी, हे ती सांगत नाही. ऑक्सिजनचं कारण तर कृतीचीच पुनरुक्ती आहे. ऑक्सिजननं आकडा चढतो, पण मिटलेले फुगे त्यानं उघडत नाहीत. त्यासाठी खोल श्वास, खोकला, उठून बसणं लागतं. आणि कोमट पाणी? नुकतंच शिवलेलं जठर आहे, तोंडाने काही द्यायचं नाही असं प्रसंगातच लिहिलं आहे. हे वाक्य पुस्तकातल्या दुसऱ्या कुठल्या तरी रुग्णाकडून उतरवलेलं आहे. वॉर्डात ते प्रत्यक्षात आलं असतं तर इजा झाली असती, म्हणून अशा ओळीखाली मी लाल रेघ मारते आणि विद्यार्थिनीला बोलावून घेते.

कारण अस्सल की उतरवलेलं हे ओळखायला माझी एक साधी कसोटी आहे. ते वाक्य दुसऱ्या रुग्णाच्या प्लॅनमध्ये जसंच्या तसं बसतं का? "मानसिक आधार दिल्यानं चिंता कमी होते" हे कुठेही बसतं. आता तिसरीचं वाचा: "वेदनाशामकाचा परिणाम सुरू झाल्यावर, साधारण अर्ध्या तासानं, टाक्यांवर उशी दाबून धरून खोकायला लावणे, उशीच्या आधारानं टाक्यांवरचा ताण कमी होतो आणि रुग्ण खोकला दाबत नाही." यात वेळ आहे, जागा आहे, आणि या बाई खोकला दाबतात ही नोंद वापरली आहे. पुढे तिनं लिहिलं की औषध मॉर्फिनसारखं असेल तर देण्याआधी आणि नंतर श्वास मोजायचे आणि गुंगी पाहायची, कारण हीच औषधं श्वास मंदावतात, आणि गुंगी बहुधा त्याच्या आधी दिसते. ज्या उपायानं श्वास सुधारायचा त्याच उपायाचा धोका तिला कळला आहे. माझ्या लेखी या प्लॅनमधली सर्वांत मोलाची ओळ हीच.

उद्दिष्टाचा रकाना लवकर तपासून होतो. "रुग्णाला बरं वाटेल" हे मोजता येत नाही. "चार तासांत वेदना तीनपर्यंत, श्वास 20 च्या आत, ऑक्सिजन 94 च्या वर" हे मोजता येतं. आकडे तिथे पोचले नाहीत किंवा आणखी घसरले तर डॉक्टरांना कधी कळवायचं, हेही तिथेच लिहिलेलं हवं.

गुण असे पडले. तिसरीला 18: क्रमाचे 8, कारणांचे 7, उद्दिष्टाचे 3. एक गुण गेला तो बिलाच्या चिंतेपाशी. ती शेवटी ठेवली हे योग्यच, पण तिथे फक्त "धीर देणे" लिहिलं. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांशी गाठ घालून देणं ही त्या अडचणीवरची खरी कृती होती. पहिलीला 13: क्रमाचे 4, कारण श्वास एकाच जागेनं मागे पडला, कारणांचे 6, उद्दिष्टाचे 3. दुसरीला 11: क्रमाचे 8, कारणांचे 2, उद्दिष्टाचा 1.

क्रम चुकलेलीला क्रम बरोबर असलेलीपेक्षा जास्त गुण, यावर दरवर्षी तक्रार येते, आणि काही सहकाऱ्यांनाही ते पटत नाही. त्यांचं म्हणणं, वॉर्डात आधी काय केलं त्यालाच महत्त्व. त्यात तथ्य आहे, म्हणूनच क्रमाचे 8 गुण मी कमी करत नाही. बाईंचा ऑक्सिजन 85 असता तर वेदना वर ठेवणाऱ्या प्लॅनला त्यातले शून्य दिले असते. पण पहिलीनं वेदना आणि श्वास यांचा संबंध ओळखला होता. उद्या आकडे बदलले की ती क्रम बदलू शकेल. दुसरीनं पाठ केलेला क्रम या प्रसंगाला जुळला. पुढच्या प्रसंगात प्रसूतीनंतर रक्तस्राव होणारी बाई असेल, श्वास आणि ऑक्सिजन ठीक असतील, नाडी मात्र चढत जाईल, आणि तिथे मास्लोची ओळ तिला काहीच सांगणार नाही. तिच्या वहीत मी गुणांखाली एवढंच लिहिलं: वेदना श्वासाच्या मागे का, हे या बाईंचे आकडे वापरून तीन वाक्यांत लिहून आण.