साडेतीन ते सव्वानऊ

राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, नियमित सौदे दुपारी ३:३० ला थांबतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९:१५ ला सुरू होतात. मधल्या पावणेअठरा तासांत कंपन्यांचे निकाल जाहीर होतात, न्यूयॉर्कचा बाजार उघडून बंद होतो, खनिज तेलाचे भाव हलतात. या सगळ्याचा परिणाम साठून राहतो आणि सकाळच्या पहिल्या भावात एकदम उतरतो. काल ५०० ला बंद झालेला शेअर आज थेट ५०८ ला उघडतो आणि मधल्या भावांना एकही सौदा होत नाही. या उडीला बाजारात गॅप म्हणतात: वर असेल तर गॅप-अप, खाली असेल तर गॅप-डाऊन. ज्यांचा सकाळचा क्रम सव्वानऊच्या आधी सुरू होतो, मग तो हाताने चालवलेला असो किंवा संगणकाच्या प्रोग्रामने, त्यांना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. दिसणारा गॅप खरा आहे का, आणि रात्री केलेला बेत त्यानंतर टिकतो का?

गॅप मोजायचा तर आधी कालचा भाव कोणता धरायचा हे पक्के हवे. एनएसईच्या रोख बाजारात वर्षानुवर्षे बंद भाव म्हणून धरला गेला तो शेवटचा सौदा नव्हे, तर शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची संख्येनुसार भारित सरासरी. साडेतीनच्या ठोक्याला शेअर ५०३ वर असला तरी अधिकृत बंद भाव ५०० असू शकतो. एकदा हा आणि एकदा तो आकडा धरला, की काहीही घडलेले नसताना तीन रुपयांचा गॅप तयार होतो.

याहून मोठी फसगत होते ती बोनस, शेअरचे विभाजन, लाभांश किंवा कंपनीची फाळणी यांच्या एक्स-डेटला. २० जुलै २०२३ चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. रिलायन्स इंडस्ट्रीजचा वित्तसेवा व्यवसाय वेगळा होऊन पुढे जिओ फायनान्शियल सर्व्हिसेस म्हणून नोंदला जाणार होता. आदल्या दिवशी एनएसईवर रिलायन्सचा बंद भाव २,८४१.८५ रुपये होता. त्या सकाळी या शेअरसाठी ९ ते १० असे तासाभराचे खास सत्र ठेवले गेले आणि त्यात २,५८० रुपये हा भाव निघाला. फक्त आकडे पाहणाऱ्याला ही नऊ टक्क्यांहून मोठी पडझड वाटली असती. प्रत्यक्षात भागधारकाचे काहीच गेले नव्हते. फरकाचे २६१.८५ रुपये हेच नव्या कंपनीच्या एका शेअरचे मूल्य ठरले, आणि रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे तिचा एक शेअर मिळणार होता. म्हणून सकाळच्या क्रमाची पहिली पायरी भाव बघण्याची नसते. हातातल्या आणि यादीतल्या शेअरपैकी कोणाची आज एक्स-डेट आहे हे आधी पाहावे, आणि असेल तर कालचा भाव त्या प्रमाणात खाली आणावा. त्या शेअरवर आधी लावलेले स्टॉपलॉस आणि लक्ष्यभावही त्याच हिशेबाने बदलावे लागतात. नाहीतर १:१ बोनसच्या सकाळी प्रोग्राम ‘भाव निम्म्यावर आला’ असे समजून सगळे विकून टाकतो.

नऊ वाजण्यापूर्वी भारतीय बाजाराचा अंदाज घेण्यासाठी बहुतेक जण गिफ्ट निफ्टी पाहतात. निफ्टीचा हा डॉलरमधला वायदा पूर्वी सिंगापूरला चालत असे. जुलै २०२३ पासून तो गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत चालतो आणि भारतात सकाळ होते तेव्हा त्याचे सौदे सुरू झालेले असतात. त्याची तुलना मात्र नेहमी चुकीच्या आकड्याशी केली जाते. समजा, काल निफ्टी निर्देशांक २४,००० वर बंद झाला, निफ्टीचा त्याच महिन्याचा वायदा २४,०९० वर, आणि सकाळी गिफ्ट निफ्टी २४,१०० दाखवतो. ‘बाजार शंभर अंकांनी वर उघडणार’ अशी बातमी लगेच फिरू लागते. पण त्यातले ९० अंक वायद्यात कालही होते. मुदत संपेपर्यंतच्या व्याजाचा भार वायद्याच्या भावात मिसळलेला असतो. वायद्याशी वायदा ताडला तर रात्रीतला बदल अवघा दहा अंकांचा. शिवाय निर्देशांकाचा अंदाज एखाद्या शेअरला लावता येत नाही. ज्या कंपनीचा निकाल काल संध्याकाळी लागला, ती आपल्या वाटेने जाते.

खरा भाव घडायला लागतो तो नऊ वाजता, प्री-ओपन सत्रात. हे सत्र ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले. नऊपासून सुमारे आठ मिनिटे ऑर्डरी फक्त गोळा होतात. त्या देता येतात, बदलता येतात, मागेही घेता येतात, पण सौदा एकही होत नाही. शेवटच्या मिनिटात कोणत्याही क्षणी दार बंद होते. तो क्षण मुद्दामच अनिश्चित ठेवलेला असतो, म्हणजे शेवटच्या सेकंदाला ऑर्डर टाकून किंवा काढून भाव हलवणे अवघड जावे. त्यानंतर सर्वाधिक शेअर ज्या भावाला हातबदल होऊ शकतील तो समतोल भाव काढला जातो आणि जुळलेले सगळे सौदे त्याच एका भावाने होतात.

काल ५०० ला बंद झालेल्या शेअरचा हिशेब असा मांडता येईल. ५०५ ला ९,००० शेअरचे खरेदीदार आणि ४,००० चे विक्रेते आहेत, म्हणजे ४,००० शेअर जुळतील. ५०८ ला खरेदी ७,००० आणि विक्री ६,५००, म्हणजे ६,५०० जुळतील. ५१२ ला खरेदी ३,५०० आणि विक्री ८,०००, तेव्हा ३,५०० च. अर्थात समतोल भाव ५०८. ज्याने ५१२ पर्यंत देण्याची तयारी दाखवली होती त्यालाही शेअर ५०८ लाच मिळतो. आता समजा, कितीही भाव द्यायला तयार असलेल्या कोणी ३,२०० शेअरची खरेदी दार बंद होण्याआधी मागे घेतली. ५०५ ला खरेदी ५,८०० उरते आणि ४,००० शेअर जुळतात. ५०८ ला खरेदी ३,८०० उरते, तेवढेच जुळतात. समतोल भाव ५०५ वर येतो. एकही सौदा न होता आठ रुपयांचा गॅप पाचाचा झाला.

म्हणून ९:०२ ला पडद्यावर दिसणारा प्री-ओपन भाव हा भाव नसून त्या क्षणीच्या ऑर्डरींवरून काढलेला अंदाज असतो. तो कितपत धरायचा हे शेजारच्या रकान्यातल्या जुळू शकणाऱ्या शेअरच्या संख्येवरून कळते. रोज लाखो शेअरची उलाढाल होणाऱ्या कंपनीत तिथे दोनतीनशे शेअर दिसत असतील तर तो आकडा वाचूच नये. प्रोग्रामच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. नऊ वाजता भाव मागितला की काही सेवा कालचाच शेवटचा भाव परत देतात. त्याच्यासोबत सौद्याची तारीख आणि वेळ आली नाही, किंवा ती कालची असली, तर तो आकडा वापरायचा नाही असा नियम प्रोग्राममध्ये असावा. भावाची जागा भरलेली दिसते म्हणून चूक दिसत नाही. ‘आज गॅप शून्य’ एवढेच उत्तर येते आणि ते अगदी शांतपणे खोटे असते. समतोल भाव ठरल्यानंतर ९:१५ पर्यंतची जी काही मिनिटे मोकळी असतात, तीच निर्णयाची योग्य वेळ.

निर्णय घेताना रात्रीचा बेत पुन्हा मांडावा लागतो. ५०० ला खरेदी, ४९० ला स्टॉपलॉस, ५२० चे लक्ष्य, आणि या सौद्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये गमावण्याची तयारी असा बेत होता. शेअरमागे दहा रुपयांची जोखीम, म्हणून ५०० शेअर. आता शेअर ५०८ ला उघडतो आहे. तेवढेच शेअर घेतले तर ४९० पर्यंतची जोखीम शेअरमागे १८ रुपये, एकूण ९,००० होते. ती मूळ मर्यादेत ठेवायची तर फक्त २७७ शेअर घेता येतील. पण संख्या घटवून प्रश्न संपत नाही. आधी वीस रुपये मिळवण्यासाठी दहा पणाला होते, आता बारासाठी अठरा. असा सौदा सोडून देणे बरे. स्टॉपलॉस वर सरकवून हिशेब जुळवण्याचा मोह होतो, पण ४९० हा भाव ज्या कारणाने निवडला होता ते कारण गॅपने बदललेले नसते.

शेअर आधीच हातात असेल आणि गॅप खाली असेल, तर स्टॉपलॉसची मर्यादा उघडी पडते. समजा, ४९० ला जागा होऊन ४८८ किंवा वर विकायची ऑर्डर आहे आणि शेअर ४७६ ला उघडतो. ऑर्डर जागी होते, पण ४८८ चा गिऱ्हाईक कोणी नसल्याने तशीच पडून राहते आणि भाव आणखी खाली गेला तरी शेअर हातातच राहतो. मिळेल त्या भावाची स्टॉपलॉस ऑर्डर असेल तर विक्री होईल, पण ४७६ च्या आसपास. प्री-ओपनमध्ये स्टॉपलॉस प्रकारच्या ऑर्डरी घेतल्या जात नाहीत. तिथे बाहेर पडायचे तर साधी लिमिट किंवा मार्केट ऑर्डरच द्यावी लागते. रात्रीच्या गॅपपासून वाचवणारा स्टॉपलॉस नसतोच. किती शेअर रात्रभर ठेवायचे हे दुपारी साडेतीनपूर्वी ठरते, आणि नुकसानीची खरी मर्यादा तीच असते.

गॅप दिवसाची दिशा सांगतो असेही धरून चालत नाही. लोकसभा निवडणुकीच्या मतदानोत्तर अंदाजांनंतर ३ जून २०२४ ला निफ्टी आदल्या २२,५३०.७० वरून थेट २३,३३७.९० ला उघडला आणि २३,२६३.९० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी, मतमोजणीच्या सकाळी, तो २३,१७९.५० ला उघडला. गॅप होता जेमतेम ८४ अंकांचा, साध्या दिवसासारखा. संध्याकाळचा बंद भाव होता २१,८८४.५०. साडेपाच टक्क्यांहून अधिक उतार सव्वानऊनंतर झाला, कारण बातमी रात्री नव्हे तर दिवसा येत होती. ज्या दिवशी मोठी घटना बाजाराच्या वेळेतच घडणार हे ठाऊक असते, त्या दिवशी लहान गॅपवरून काहीच ठरवता येत नाही.

घड्याळावर बांधलेल्या क्रमाला एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. निर्देशांक १० टक्क्यांनी घसरला की सगळा बाजार थांबतो, आणि ही घसरण दुपारी एकपूर्वी झाली तर ४५ मिनिटांच्या विरामानंतर पुन्हा १५ मिनिटांचे प्री-ओपन सत्र घेऊन सौदे सुरू होतात. १३ मार्च २०२० ला बाजार उघडल्यावर काही मिनिटांतच हे घडले. ‘९:१५ नंतर बाजार चालूच असतो’ असे गृहीत धरणाऱ्या प्रोग्रामला त्या दिवशी दुसरे प्री-ओपन कळलेच नसते. त्याच दिवशी निफ्टी आदल्या ९,५९०.१५ च्या तुलनेत ९,९५५.२० वर बंद झाला. सत्र कोणते चालू आहे हे घड्याळावरून न ठरवता एक्स्चेंजकडून येणाऱ्या बाजारस्थितीच्या संदेशावरून ठरवावे. सत्रांच्या वेळाही परिपत्रकांनी बदलतात, म्हणून त्या प्रोग्राममध्ये कोरून न ठेवता वेगळ्या यादीत ठेवाव्यात आणि सुट्ट्यांच्या तक्त्याबरोबर तपासत राहावे.