०.४० म्हणजे नेमके किती? गुंठा, आर, क्विंटल आणि आपले जुने कागद

आपल्या निवासी शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी थोडीबहुत धानाची जमीन आहे. त्या जमिनीचे कागद पत्र्याच्या पेटीत किंवा पिशवीत बांधून ठेवलेले असतात आणि वाटणीचा, कर्जाचा किंवा धानविक्रीचा प्रसंग आला की बाहेर निघतात. अशा वेळी घरातील शिकलेल्या मुलामुलींना हाक पडते : वाचून सांग, आपली जमीन किती आहे? कागदावर आकडा असतो, पण त्या आकड्यापुढे मापाचे नाव असतेच असे नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तोच आकडा तीन वेगवेगळ्या अर्थांनी वाचता येतो. हे का घडले आणि योग्य अर्थ कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम गुंठा म्हणजे काय ते पाहू. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशी चौरस जागा म्हणजे एक गुंठा. त्याचे क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट भरते. जागा चौरसच असली पाहिजे असे मात्र नाही. ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब पट्टीसुद्धा एक गुंठाच होय. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो, म्हणजे ४३,५६० चौरस फूट.

३३ हा आकडा आला मोजणीच्या साखळीतून. इंग्लंडमधील गणिती एडमंड गंटर यांनी सतराव्या शतकात ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी रूढ केली. ६६ फूट लांब-रुंद असे दहा चौरस म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्यातील पैमाशीत हिची निम्मी, म्हणजे ३३ फुटांची साखळी धरण्यात आली आणि तिचा चौरस म्हणजे आपला गुंठा. म्हणून गुंठ्याच्या हिशेबात एकराचे ४० भाग पडतात. याउलट पूर्ण साखळी धरली तर एक चौरस म्हणजे एकराचा दहावा भाग होतो आणि पुढचा हिशेब सहजच दशांशात जातो.

आपल्या प्रदेशाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. जुना चांदा जिल्हा हा मध्य प्रांताचा भाग होता. गडचिरोली त्यातच होती. ती २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा झाली. मध्य प्रांताच्या बंदोबस्तात जमीन एकर आणि एकराचे शंभरावे भाग अशी नोंदवीत. या शंभराव्या भागास डिसमिल म्हणतात. एक डिसमिल म्हणजे ४३५.६ चौरस फूट, गुंठ्याच्या निम्म्याहूनही कमी. परंतु वर्धा नदी ओलांडून वणीकडे गेलो की वऱ्हाड लागते आणि तेथे मुंबईच्या पद्धतीची पैमाश झाल्यामुळे एकर-गुंठे चालत. चंद्रपूर जिल्ह्याच्या आतही एक सीमा आहे. राजुऱ्याचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तो १९५६ साली राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ साली चंद्रपुरात आला. त्या भागातील जुन्या कागदांत एकर-गुंठ्यांचा हिशेब आढळतो. ब्रह्मपुरीचा जुना कागद आणि राजुऱ्याचा जुना कागद शेजारी ठेवले, तर एकाच जिल्ह्यात दोन हिशेब दिसतात. त्यावर तिसरा थर चढला तो मेट्रिक पद्धतीचा. आजचा सातबारा हेक्टर आणि आर या मापांत लिहिला जातो. शंभर चौरस मीटरचा एक आर आणि शंभर आरांचा एक हेक्टर.

आता कागदावर केवळ ०.४० एवढेच लिहिले आहे असे समजू. ते एकर-डिसमिल असेल तर ४० डिसमिल, म्हणजे १६ गुंठे. ते हेक्टर-आर असेल तर ४० आर, म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे, जवळपास एक एकर. आणि कोणी त्याला चाळीस गुंठे म्हणून वाचले, तर नेमका एक एकर. एकच आकडा, पण पहिल्या आणि तिसऱ्या वाचनात अडीच पटीचा फरक पडतो.

याचे परिणाम घरात कसे उमटतात, हे एका उदाहरणाने पाहू. ब्रह्मपुरी तालुक्यातील एका कुटुंबाकडे १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल आहे, असे समजा. त्यावर क्षेत्र २.२० असे लिहिले आहे. थोरल्या भावाने ते 'दोन एकर वीस गुंठे', म्हणजे अडीच एकर असे वाचले आणि त्याप्रमाणे धाकट्याला सव्वा एकर देण्याचे ठरले. पुढे धाकट्याने सातबारा काढला, तर त्यावर ०.८९ हेक्टर एवढेच क्षेत्र. अडीच एकराचे १.०१ हेक्टर व्हायला हवे होते. बारा आर कोठे गेले? संशय प्रथम तलाठ्यावर जातो, मग शेजारच्या बांधावर आणि शेवटी भावावर.

वस्तुतः काहीच गेलेले नाही. जुना आकडा दशांशातला आहे. .२० म्हणजे एकराचा पाचवा भाग, म्हणजे ८ गुंठे. जमीन पहिल्यापासून दोन एकर आठ गुंठेच होती. पडताळा सोपा आहे. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर. २.२० ला ०.४०४७ ने गुणले की ०.८९ येते आणि सातबाऱ्याशी तंतोतंत जुळते. चुकीच्या वाचनाने जे बारा गुंठे कल्पनेत वाढले, ते १३,०६८ चौरस फूट होतात. एवढ्यावर एखादी चांगली बांधी बसते आणि तेवढ्यावरून भावाभावांत दिवाणी दावाही उभा राहू शकतो.

मग जुना कागद कोणत्या हिशेबाचा, हे ओळखावे कसे? पहिली खूण त्याच पानावर मिळते. आपल्या ओळीखालच्या आणि वरच्या नोंदी पाहाव्यात. टिंबानंतरचा आकडा कोठेही ४० किंवा त्याहून मोठा असेल, उदाहरणार्थ ३.६५, तर तो हिशेब गुंठ्यांचा असूच शकत नाही, कारण चाळीस गुंठे झाले की एकर पूर्ण होतो. दुसरी खूण म्हणजे वर केलेला गुणाकार. जुना आकडा दोन्ही पद्धतींनी वाचून हेक्टरमध्ये करावा आणि सातबाऱ्याशी जे जुळेल ते खरे मानावे. मात्र मधल्या काळात खरेदी, वाटणी किंवा भूसंपादन झाले असेल तर आकडे कशाशीच जुळणार नाहीत. अशा वेळी आधी फेरफार वाचावेत. बांधावरचे प्रत्यक्ष क्षेत्र हवे असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करण्यावाचून गत्यंतर नाही. कागदाचे कागदाशी जुळणे आणि कागदाचे जमिनीशी जुळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आर आणि गुंठा यांच्या जवळिकीतूनही एक घोटाळा होतो. एक आर १०७६ चौरस फुटांचा, तर गुंठा १०८९ चौरस फुटांचा. फरक अवघा तेरा चौरस फुटांचा, म्हणून लोक 'आर म्हणजेच गुंठा' असे सरसकट म्हणतात. घराच्या जागेपुरते ते खपून जाते. क्षेत्र मोठे झाले की फरक साचत जातो. २००६ च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे आणि मान्यता प्रत्यक्ष ताब्यातील क्षेत्रालाच मिळते. ४ हेक्टर म्हणजे १० एकर असे बोलले जाते, परंतु दहा एकरांचे ४.०५ हेक्टर होतात. खरी मर्यादा नऊ एकर पस्तीस गुंठ्यांच्या आसपास येते. म्हणून दाव्यात अंदाजाने 'दहा एकर' न लिहिता मोजलेले क्षेत्र हेक्टर-आरमध्येच लिहावे.

जमिनीकडून आता धानाकडे वळू. क्विंटल हा शब्द आपल्याकडे जुना वाटतो, पण माप म्हणून तो मेट्रिक आहे : १०० किलो म्हणजे एक क्विंटल. शब्दाचे मूळ 'शंभर' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. तो अरबीतून फिरून युरोपीय भाषांत गेला आणि तेथून आपल्याकडे आला. त्याआधी येथे मण चालत असे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक वजने आणली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली.

सरकारी प्रमाणाचा मण ४० शेरांचा. शेर म्हणजे ८० तोळे, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्यामुळे मण ३७.३२ किलोंचा होतो. शेराला किलो समजून मण ४० किलोंचा धरण्याची सवय पुढे पडली. जुन्या मक्त्याच्या चिठ्ठीवर 'दहा मण धान' असे लिहिले असेल, तर त्या मापाने ते ३७३ किलो होतात. ४०० किलो धरले तर देणाऱ्याचे २७ किलो जास्त जातात. खंडी, कुडव, पायली यांची गोष्ट वेगळी. धान्य मापताना ही भरून मोजण्याची मापे आहेत, वजने नव्हेत. एकाच पायलीत धान भरले तर एक वजन येते आणि तांदूळ भरला तर अधिक येते. ओलेपणाने आणि वाणानेही ते बदलते. गावागावांच्या पायल्याही सारख्या नसतात. म्हणून 'एक खंडी म्हणजे अमुक किलो' असे कोष्टक सर्वत्र लागू पडत नाही. आपल्या गावची पायली तीनदा भरून वजन करावे आणि त्याची सरासरी धरावी, हाच खरा उपाय.

आता वरच्या कुटुंबाकडे परत जाऊ. त्यांना एकरी पंधरा क्विंटल धान झाले असे समजा. २.२० एकरांवर ते ३३ क्विंटल होतात. खरेदी केंद्रावर चाळीस किलोंच्या पोत्यांत भरले तर साडेब्याऐंशी पोती होतील. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत दर क्विंटलला २३०० रुपये होता. त्या दराने ७५,९०० रुपये येतात. पण शेतकरी उतारा एकरी सांगतो, तर केंद्रावरील खरेदीची मर्यादा हेक्टरी असते आणि ती सातबाऱ्यावरील क्षेत्रावरून काढतात. एकरी पंधरा म्हणजे हेक्टरी सदतीस क्विंटल. हे दोन आकडे एकच आहेत हे ध्यानात नसेल, तर हेक्टरी मर्यादेचा आकडा एकरी समजून शेतकरी अडीच पट धान घेऊन जाईल आणि उरलेले परत आणावे लागेल. अडीच एकर समजून बसलेले हे कुटुंब तर साडेसदतीस क्विंटलांची आशा धरील आणि साडेचार क्विंटल कमी का भरले, याचा शोध मापाऱ्याच्या काट्यात घेईल.

विद्यार्थ्यांनी सुटीत घरी गेल्यावर एवढे करावे. पेटीतील जुना कागद आणि नवा सातबारा शेजारी ठेवावा, वर सांगितलेल्या दोन खुणा तपासाव्यात आणि एका वेगळ्या कागदावर सर्व्हे नंबरनिहाय क्षेत्र तीन प्रकारांनी लिहावे : हेक्टर-आर, एकर-डिसमिल आणि एकर-गुंठे. मूळ नकलेवर काहीही खरडू नये. आणि वाटणीपत्र लिहिण्याची वेळ येईल तेव्हा आकड्यापुढे मापाचे नाव अक्षरांत लिहावे : 'शून्य हेक्टर एकोणनव्वद आर'. केवळ टिंब देऊन सोडलेला आकडा पुढच्या पिढीला पुन्हा त्याच प्रश्नाशी आणून उभा करतो.