ऑडिटरचा शेरा कसा वाचावा?

कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की बहुतेक भागधारक नफा आणि लाभांश पाहून तो बाजूला ठेवतात. त्याच अहवालात ऑडिटरचा अहवालही असतो. त्यातला एक परिच्छेद कधी कधी त्या नफ्याचा आकडाच उलटा करून टाकतो, पण तो वाचणारे थोडे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सूतगिरणीने वर्षाचा करपूर्व नफा ४ कोटी रुपये दाखवला आहे. तिच्या येण्यांमध्ये एका जुन्या ग्राहकाचे ६ कोटी आहेत. त्या ग्राहकाचा कारखाना तीन वर्षांपासून बंद आहे, पत्रांना उत्तर येत नाही आणि वसुलीचा दावाही पुढे सरकलेला नाही. ही रक्कम बुडीत धरून तरतूद करा, असं ऑडिटर सांगतो. व्यवस्थापन ठाम असतं: पैसे येतील. अशा वेळी ऑडिटर क्वालिफाइड ओपिनियन देतो. म्हणजे या एका बाबीचा अपवाद सोडला, तर हिशेब कंपनीचं खरं आणि योग्य चित्र दाखवतात, असं मत.

त्याचं कारण तो लगेच खाली ‘बेसिस फॉर क्वालिफाइड ओपिनियन’ या मथळ्याखाली देतो आणि शक्य असेल तिथे आकडाही सांगतो. या गिरणीच्या बाबतीत तो लिहील की तरतूद केली असती, तर ४ कोटींच्या नफ्याऐवजी २ कोटींचा तोटा दिसला असता आणि येणी ६ कोटींनी कमी झाली असती. कंपनीने छापलेला ताळेबंद मात्र तसाच राहतो, कारण हिशेब बदलण्याचा अधिकार ऑडिटरला नाही. ती वजाबाकी वाचणाऱ्यानेच करायची असते.

इथे भांडण नोंदीच्या किमतीचं आहे. कागद आहेत, ऑडिटरने ते पाहिले आहेत आणि त्याला ते पटलेले नाहीत. दुसऱ्या प्रकारात पुरावाच हाती येत नाही: गोदामातला माल मोजता आला नाही, बँकेचा किंवा ग्राहकाचा दुजोरा मिळाला नाही, व्यवहारामागचे कागद दाखवले गेले नाहीत. मग मतात ‘परिणाम’ या शब्दाच्या जागी ‘संभाव्य परिणाम’ येतं. हा शब्द दिसला की समजावं, चूक सापडलेली नाही, पण ती नाही असंही सांगता येत नाही.

अदानी पोर्ट्सचा २०२२-२३ चा अहवाल हे याचं ठळक उदाहरण. हिंडेनबर्गच्या जानेवारी २०२३ च्या अहवालातल्या आरोपांची कंपनीने स्वतंत्र बाह्य तपासणी करून घेतली नव्हती आणि सेबीची चौकशी सुरू होती. काही व्यवहारांबाबत कंपनीने स्वतः केलेलं मूल्यांकन आपल्या कामाला पुरेसा पुरावा ठरत नाही, असं डेलॉइटने नमूद केलं आणि क्वालिफाइड ओपिनियन दिलं. कंपनीने आरोप नाकारले होते. त्या मताने आरोप खरे ठरवले नाहीत आणि खोटेही ठरवले नाहीत, हे बारकाईने वाचायला हवं.

क्वालिफाइड मत देता येतं ते दोष मोठा असूनही एखाद्या कोपऱ्यापुरता असेल तेव्हाच. तो सगळ्या हिशेबांत पसरलेला असेल, तर ऑडिटरला प्रतिकूल मत द्यावं लागतं. पुरावा नसल्याचा परिणाम तितका व्यापक असू शकत असेल, तर तो मतच देत नाही.

‘एम्फसिस ऑफ मॅटर’ हा वेगळाच परिच्छेद. इथे ऑडिटरची हिशेबाबद्दल तक्रार नसते. ३१ मार्चनंतर गिरणीच्या गोदामाला मोठी आग लागली आणि नुकसानीची, विम्याच्या दाव्याची माहिती टीप क्रमांक ३२ मध्ये नीट दिली आहे, असं समजा. ऑडिटर फक्त ‘ती टीप जरूर वाचा’ एवढं सांगतो आणि यामुळे माझं मत बदललेलं नाही असं जोडतो. परिच्छेद दोन ओळींचा असला, तरी खरी माहिती टिपेत असते, म्हणून ती उघडून पाहावी.

काही ऑडिटर कंपनीशी वाद नको म्हणून जो आक्षेप घ्यायला हवा होता तो इथे आणून ठेवतात. लेखापरीक्षणाच्या मानकांना हे मान्य नाही, आणि माझ्या मते अशा सौम्य परिच्छेदाने भागधारकाचं नुकसान उघड शेऱ्यापेक्षा जास्त होतं. ओळखण्याची खूण साधी आहे: परिच्छेदात न केलेल्या तरतुदीचा किंवा न मिळालेल्या कागदाचा उल्लेख असेल, तर तो ‘लक्ष वेधणं’ नव्हे.

कंपनी कायद्याच्या कलम १३४ नुसार प्रत्येक आक्षेपाचं स्पष्टीकरण संचालक मंडळाला आपल्या अहवालात द्यावं लागतं. ते आणि मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवून पाहावेत. सूतगिरणीचे तेच ६ कोटी पुढच्या वर्षीही येण्यांत असतील आणि संचालक पुन्हा ‘वसुलीची आशा आहे’ एवढंच म्हणत असतील, तर मधल्या बारा महिन्यांत त्या ग्राहकाकडून किती रुपये जमा झाले, हे वार्षिक सभेत विचारता येतं.