फोनचं कुलूप: बोट की चेहरा?

मैत्रिणींनो, गटाचे पैसे ज्या फोनवरून फिरतात, त्याला चेहऱ्याचं कुलूप नको. स्वस्त फोन पुढच्या साध्या कॅमेऱ्यानंच चेहरा बघतो. त्याला नाकाचा उंचवटा कळत नाही, म्हणून काही फोन नुसता फोटो दाखवला तरी उघडतात. महागड्या फोनची गोष्ट वेगळी.

आपल्याला बोटच बरं. बाजूच्या बटणातला सेन्सर बोटावरच्या रेषा विजेच्या बारीक फरकावरून ओळखतो. पडद्याखालचा सेन्सर बहुधा उजेड पाडून बोटाचा फोटो काढतो. वर जाड काच चिकटवली की तो अडतो. भांडी घासून, निंदणी करून रेषा झिजल्या किंवा बोट ओलं असलं, तर दोन्ही अडून बसतात. हात कोरडा करा, कमी झिजलेलं बोट निवडा आणि फोन घेत असेल तर तेच दोनदा नोंदवा. पिन पाठ हवाच. फोन बंद करून चालू केला की आधी तोच मागतो.