आधी क्षितिज, मग बाटली

डोंगराची कड फोटोत तिरकी आली तरी कुणाला वावगं वाटत नाही, कारण डोंगर कसाही असू शकतो. समुद्राचं तसं नाही. पाणी सपाटच असणार हे आपल्याला पक्कं माहीत असतं, त्यामुळे क्षितिज दोन-तीन अंशांनी जरी कललं तरी पाणी एका बाजूला ओघळतंय असं वाटतं.

असाच एक फोटो डोळ्यांसमोर आणा. गुहागरच्या किनाऱ्यावर मावशी उभी आहे. मागे समुद्र आहे, पण तो उजवीकडे उतरलाय. डाव्या कडेला कुणा अनोळखी माणसाचा अर्धा खांदा आलाय, मावशीच्या पायांपासून हातभर अंतरावर निळी बाटली पडलीय आणि तिच्या गालावर नेमकी त्याच दिवशी पुटकुळी आलीय. हे सगळं फोनवर, Snapseed सारख्या मोफत ॲपमध्ये दुरुस्त होतं. फक्त क्रम चुकवू नये.

पहिल्यांदा क्षितिज. Rotate उघडून फोटो बोटाने हळूहळू फिरवायचा आणि पडद्यावरच्या आडव्या रेघेशी समुद्राची रेघ जुळवायची. जुळवायची ती दूरची, आकाशाला टेकलेली रेघ. वाळूवर आलेल्या लाटेची कड नव्हे. किनारा आपल्यापासून तिरका लांब जात असतो, म्हणून ती कड फोटोत तिरकीच दिसायला हवी. तळ्याच्या फोटोत हीच फसगत होते, कारण पलीकडचा काठही बहुधा तिरका असतो. तिथे झाड किंवा दिवा आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब पाहावं. फोटोच्या मध्याजवळची अशी जोडी उभ्या सरळ रेषेत आली की फोटो सरळ झाला.

फोटो फिरवला की कोपरे रिकामे पडतात, म्हणून ॲप चारही कडा कापतं. 4000 बाय 3000 पिक्सेलचा आडवा फोटो 3 अंशांनी फिरवून त्याच प्रमाणात ठेवला, तर जवळजवळ आठवा भाग जातो. मावशीचं डोकं वरच्या कडेला चिकटलेलं असेल तर तेही कापलं जाईल. म्हणूनच फोटो काढताना चहूबाजूंनी थोडी जागा सोडावी. आपल्या फोटोत मात्र या कापाकापीचा फायदाच होतो: अनोळखी खांदा बराचसा बाहेर जातो आणि उरलेला Crop ने काढता येतो. हेच काम शेवटी केलं असतं, तर जो भाग कापूनच जाणार होता तो पुसण्यात वेळ गेला असता.

आता बाटली. Healing वर टॅप करून पुसायच्या वस्तूवर बोट फिरवलं की ॲप आजूबाजूचा तुकडा उचलून तिथे बसवतं. दोन बोटांनी फोटो मोठा करावा. ब्रश पडद्यावर तेवढाच राहतो, म्हणून फोटोच्या मानाने तो बारीक होतो. बाटलीसोबत तिची सावलीही पुसावी लागते. सावली राहिली तर वाळूवर बिनकारणाचा काळा डाग दिसतो आणि पाहणारा तिथेच अडखळतो. एकाच फटकाऱ्यात सगळं न पुसता थोडं थोडं पुसावं. जमलं नाही तर मागे जाऊन जरा वेगळ्या जागेवरून बोट फिरवावं, कारण दर वेळी भरण वेगळं येऊ शकतं.

वाळू, आकाश, गवत यांवर हे छान जमतं. पण हीच बाटली साडीच्या काठाला टेकलेली असती तर काठ फाटल्यासारखा किंवा विरघळल्यासारखा झाला असता. अशा ठिकाणी ती वस्तू राहू द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धवट पुसलेल्या काठापेक्षा अख्खी बाटली बरी. भरण फसलं की नाही हे ओळखायची खूण म्हणजे पुनरावृत्ती: तोच शिंपला किंवा तीच पाऊलखूण शेजारी शेजारी दोनदा दिसली, तर तिथे पुन्हा काम करावं.

पुटकुळी सगळ्यात सोपी. चेहरा पुरेसा मोठा करून तिच्यावर एकदाच टेकवावं. गालावर बोट ओढत नेलं तर त्वचेचा पोत जातो आणि गुळगुळीत ठिगळ दिसतं. आठवड्याने जे आपोआप जाणार आहे तेवढंच पुसावं. मावशीच्या हनुवटीवरचा तीळ आणि डोळ्यांजवळच्या सुरकुत्या तिच्या आहेत, त्यांना हात लावू नये.

व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आलेली प्रत यासाठी घेऊ नका. ती आधीच दाबून लहान झालेली असते, त्यामुळे पुसलेली जागा उठून दिसते. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. काम झाल्यावर नवी प्रत वेगळी सेव्ह करा आणि मूळ फोटो डिलीट करू नका.